मित्राकडं राहिलेले पैसे आणि राहिलेलं उत्तर, टोमणा न मारता कसं मागायचं?

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, गेले पाच आठवडे एक गोष्ट डोक्यात घोळत्या आणि घरात कुणाशी बोलता पण येईना म्हणून इथं लिहितोय. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण मालवणला गेलतो, सगळे कॉलेजपासूनचे. गाडीचं भाडं ९,०००, राहायचं १०,००० आणि जेवणखाणं ६,०००, हे सगळं मी भरलो. २५,००० भागिले पाच, डोकी ५,०००. तिघांनी घरी पोचायच्या आत पाठवले. चौथा, त्याला आपण 'स' म्हणू, तो गप्प.

मी आजपर्यंत काय काय केलं ते खरं खरं लिहितो. पहिल्या आठवड्यात काही बोललो नाही. मग ग्रुपवर टाकलं, "मालवणचा हिशोब काहींचा बाकी आहे बरं का", पुढं हसरा इमोजी. दोघांनी अंगठा दाखवला, ज्याला सांगायचं होतं तो गप्प. मग २६ फेब्रुवारीला त्याला एकट्याला, "काय भावा, जिवंत आहेस नव्हं?" निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्यात आणखी एक म्हणजे मे महिन्यात आमच्यातल्याच एकाचं लग्न आहे पुण्यात, त्याला जायला ट्रॅव्हलर ठरवायचीय, त्यात 'स' येणार का नाही हे पण तो सांगेना. आधी दिवसातनं दहा मेसेज करणारा माणूस. बारा वर्षांची दोस्ती आहे, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसलेला पोरगा हाय तो. ५,००० साठी त्याला तोडायचं नाहीये, आणि ५,००० सोडून द्यायची पण माझी ऐपत नाही. काय लिहू?

काटाकिर्र_०९

भावा एवढा विचार कशाला करतोस, यूपीआयवरनं रिक्वेस्ट टाक की. त्याच्या मोबाईलवर रक्कम येत्या, पिन टाकला की विषय संपला, तुला बोलायला पण लागत नाही आणि त्याला ऐकायला पण लागत नाही.

सुजाता_ताराबाई_पार्क

@काटाकिर्र_०९ ते आता होत नाही हो. एका माणसानं दुसऱ्या माणसाला यूपीआयवर पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीय, फसवणूक फार व्हायला लागली होती म्हणून. दुकानदार वगैरेंना आहे अजून. आपण आपला क्यूआर पाठवू शकतो. पण मला सांगा, नुसता क्यूआर, वर एक शब्द नाही, असं आलं तर तुम्हाला काय वाटेल? मला तर कुणी दारात पावती चिकटवून गेल्यासारखं वाटेल.

काटाकिर्र_०९

बंद झालं व्हय, माहीतच नव्हतं. मी वर्षभर कुणाकडं मागितलंच नाही म्हणायचं.

पेठेतली_पोरगी

मी एक सांगू का, तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजमधला "काहींचा" हा शब्द सगळ्यात वाईट आहे. पाच जणांच्या ग्रुपमध्ये तीन जणांनी दिलेत, मागणारे तुम्ही, मग "काही" म्हणजे कोण ते शेंबडं पोरगं पण सांगंल. त्याचं नाव घेतला नाही म्हणून तुम्हाला वाटलं आपण सौम्य बोललो, पण त्याला चौघांसमोर उभा केल्यासारखं झालं. माझ्याबरोबर हे झालंय. मी एका मैत्रिणीचे १,२०० रुपये द्यायचे खरंच विसरलो होतो, तिनं स्टेटसला ठेवलं, "गरज सरो वैद्य मरो". दिवसभर मला कळलंच नाही की ते माझ्यासाठी आहे, संध्याकाळी दुसरीनं सांगितलं. पैसे त्याच मिनिटाला पाठवलो, पण त्यानंतर तिच्याशी बोलताना दर वाक्याला वाटायला लागलं, ही मनात काय ठेवून बोलत्या. सरळ "माझे १,२०० दे की" म्हणाली असती तर मी सॉरी म्हणून विसरून पण गेलो असतो.

वसुलीतला_माणूस

मी एका पतसंस्थेत २२ वर्षं वसुलीला होतो, आता निवृत्त. संस्थेची थकबाकी आणि मित्राचे उसने एक नव्हेत हे मान्य, पण माणूस का गप्प बसतो हे मात्र दोन्हीकडं सारखंच असतं, म्हणून लिहितो.

न देणारे फार थोडे असतात. गप्प बसणारे बहुतेक तीन कारणांनी बसतात. हातात पैसे नाहीत आणि तसं सांगायची लाज वाटते. किंवा खरंच विसरलेत. आणि तिसरं जे मागणाऱ्याच्या कधीच लक्षात येत नाही, ते म्हणजे त्याला तुमचा आकडा मान्य नाही, पण एवढ्याशा रकमेसाठी वाद काय घालायचा म्हणून तो बोलत नाही आणि देतही नाही. आमच्याकडं एखादा सभासद हप्ता भरायचा अचानक बंद झाला की मी दारात जाऊन पहिल्यांदा पैसे मागत नसे, खातेउतारा समोर ठेवून विचारत असे, "हे बरोबर आहे का बघा". निम्म्या वेळा तिथंच गाठ सुटायची, कुठला तरी भरणा नोंदवायचा राहिलेला असायचा नाहीतर व्याज वेगळं समजलेलं असायचं.

तुमच्या दोन्ही मेसेजमध्ये काय नाही ते बघा. आकडा नाही. कशाचा, ते नाही. कधीपर्यंत, ते नाही. "जिवंत आहेस नव्हं" याला माणसानं काय उत्तर द्यायचं? "आहे" म्हटलं तर पुढचा प्रश्न पैशाचा येणार हे त्याला माहीत आहे, म्हणून तो "आहे" पण म्हणत नाही. आणि लग्नाच्या गाडीचं उत्तर तो वेगळं दाबून बसलाय असं मला वाटत नाही. तुमच्या नावाची चौकट उघडायचीच त्याला आता नको वाटतंय. पैशामुळं उत्तर अडलंय.

आणि २६ तारीख. नोकरदार माणसाला २६ ला पैसे मागायचे नसतात हो. पगार कधी होतो त्याचा?

रंकाळ्याचा_वारा

शिरोली एमआयडीसीत आहे, ७ ते १० च्या दरम्यान होतो पगार. घरचा थोडा ऊस पण आहे. काका तुम्ही म्हणता ते २६ तारखेचं माझ्या डोक्यातच आलं नाही, माझा स्वतःचा पगार त्या आठवड्यात होतो म्हणून मला ती वेळ बरी वाटली.

उसाचा_फड

ऊस असंल तर ते पण बघा. कारखान्याला ऊस गेल्यापासनं १४ दिवसांत एफआरपी द्यायची असं कायद्यात हाय, पण दरवेळी तसं होतंयच असं न्हाई. बिल पडलं की पयलं सोसायटीचं कर्ज कापून जातं, मग उरलेलं हातात. आमच्याकडं सगळ्या देण्याघेण्याचा वायदा "बिल आल्यावर" असाच असतोय, आणि त्यो खोटा नसतोय. नोकरीवाल्यांना ह्यो बहाणा वाटतोय.

दुकान_गंगावेश

माझा पण हाच प्रॉब्लेम आहे, किराणा दुकान आहे आणि उधारीची वही भरलीय, आज रोख उद्या उधार पाटी लावून पण लोकं ऐकत नाहीत. दोन गिऱ्हाइकं तर रस्ता बदलून जातात मला बघून. त्यांना कसं बोलायचं?

सुजाता_ताराबाई_पार्क

दादा, ते गिऱ्हाईक आहे, इथं बारा वर्षांच्या दोस्ताचं चाललंय. तुम्ही माल द्यायचा थांबवू शकता, यांनी काय थांबवायचं?

वसुलीतला_माणूस

त्यांचा प्रश्न वेगळा असला तरी एक गोष्ट इथं पण लागू आहे. रस्ता बदलून जाणाऱ्याला उधारीपेक्षा तुमची नजर जड झालेली असते. अशा माणसाला एकदा सहज, पैशाचं नाव न काढता, "काय पाव्हणं, लई दिवसांनी" म्हणून बोलावून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तोच विषय काढतो.

शिवाजी_पेठ_११

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. मेसेज बिसेज काय नाही, सरळ घरी जायचं, चहा प्यायचा आणि म्हणायचं, "मालवणचे पैसे राहिलेत बघ तुझे". आमच्या तालमीत हीच पद्धत. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो त्यामुळं समोरचा आपल्या मनातला आवाज लावून वाचतो. तोंडावर बोललं की गैरसमज व्हायला जागाच नाही. भीड भिकेची बहीण, उगंच म्हणत नाहीत.

पेठेतली_पोरगी

@शिवाजी_पेठ_११ घरी आई-वडील, बायको असतात. त्यांच्यासमोर चहा पिता पिता पैशाचं काढलं तर तो माणूस मेल्याहून मेल्यासारखा होईल. आणि खिशात नसतील तर समोर बसून "नाहीत" म्हणायला किती जड जातं. मेसेजमध्ये त्याला विचार करायला वेळ मिळतो.

शिवाजी_पेठ_११

मग बाहेर बोलवा की, रंकाळ्यावर चक्कर मारायला. पण तोंडानं बोला. माझं मत बदललेलं नाही.

वसुलीतला_माणूस

दोन्ही चालतं, माणूस बघून. मी आधी लिहून पाठवायच्या बाजूचा आहे, कारण आकडे तोंडी सांगितले की राहत नाहीत. तुम्हाला मी एक मसुदा देतो, शब्द तुमचे घाला. पण पाठवायच्या आधी एक काम करा, सगळा खर्च परत एकदा मांडा आणि बाकीच्या चौघांनी वाटेत खिशातनं काय काय घातलं ते आठवा. आपण जो भरतो तो स्वतःचंच मोजतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

मग असं लिहा, फक्त त्याला, पगारानंतर दोन-तीन दिवसांनी:

"स, मालवणचा हिशोब मांडला, खाली देतोय. गाडी ९,०००, राहणं १०,०००, जेवण ६,०००, डोकी ५,००० येतात. तू कुठं खर्च केला असशील आणि माझ्या ध्यानात नसंल तर सांग, वजा करतो. मला १५ पर्यंत मिळाले तर बरं पडंल, त्या दिवशी माझा हप्ता जातो. एकदम जमत नसतील तर दोनदा दे, फक्त कधी ते सांग."

यात चार जागा आहेत त्या बदलू नका. आकडा सुटा करून दिलाय, त्याला बोट ठेवता येतं. चूक माझी असू शकते असं म्हटलंय, ते नुसतं म्हणायला नाही, खरोखर मनात धरून म्हणा. तारखेला कारण दिलंय, त्यामुळं ती तारीख हुकूम वाटत नाही, पण कारण खरंच असलं पाहिजे, खोटा हप्ता सांगू नका, कधीतरी उघडा पडतो. आणि "नाही जमत" म्हणायला दार उघडं ठेवलंय. दार नसलं की माणूस खिडकीतनं पळतो.

"फक्त आठवण करून देतोय", "वाईट वाटून घेऊ नकोस पण", असलं काही घालू नका. वाईट वाटून घेऊ नको म्हटलं की वाईट वाटायची आठवण होते. हसरे इमोजी पण नको, त्यानं आत राग दाबलाय असंच वाटतं.

आणि लग्नाच्या गाडीचं या मेसेजमध्ये अजिबात नको. ते दुसऱ्या दिवशी, स्वतंत्र.

सुजाता_ताराबाई_पार्क

उत्तराच्या बाबतीत मी सांगते, कारण मी घरगुती केटरिंग करते आणि ताटांचा आकडा वेळेत मिळवणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. "येणार का रे, सांग की" याला उत्तर येत नाही, कारण ज्याचं नक्की नसतं तो नक्की झाल्यावर सांगू म्हणतो आणि राहूनच जातं. मी असं विचारते, "शनिवारी दुपारी मला आकडा द्यायचाय. तोपर्यंत नाही कळलं तर तुमची ताटं धरत नाही, नंतर ठरलं तर एक दिवस आधी सांगा, दोन-चार वाढवता येतील." म्हणजे न बोलणं हे पण एक उत्तर होतं आणि मला मागं लागावं लागत नाही. तुमच्या ट्रॅव्हलरला हेच लावा. फक्त पुढचं वाक्य गाळू नका, नंतर जागा मिळू शकते का नाही ते सांगायचं, नाहीतर तेवढंच वाक्य धमकी वाटतं.

काटाकिर्र_०९

ताई पण दोस्ताला "नाही कळलं तर तुला धरत नाही" म्हणणं कसं वाटतंय, मला तर कुणी असं म्हटलं तर मी रागावंन.

सुजाता_ताराबाई_पार्क

तुम्हाला आधी एकदा साधं विचारून झालेलं असतं आणि तुम्ही बोललेला नसता. पहिल्याच मेसेजला असं लिहीत नाही मी.

एकटा_पन्हाळकर

मध्येच बोलतो. मी एका मित्राला ४०,००० दिलेत, घरभाड्याच्या डिपॉझिटला म्हणून, या जूनला तीन वर्षं होतील. दरवेळी देतो म्हणतो. मला कुणीतरी सांगितलं तीन वर्षं झाली की कायद्यानं पैसे बुडाले. खरं का? त्याच्यावर केस करायची नाहीये मला, पण झोप लागेना.

काटाकिर्र_०९

तीन वर्षं झाली की विषय संपला भावा, ते खरं आहे.

वसुलीतला_माणूस

अर्धंच खरं. मुदत कायदा १९६३ चा आहे, परत द्यायची तारीख ठरलेली नसेल तर उसने दिल्याच्या दिवसापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. पण मुदत संपायच्या आत त्यानं सही करून लेखी कबुली दिली की त्या तारखेपासून नवीन ३ वर्षं सुरू होतात. म्हणून पन्हाळकर, तुम्ही जूनच्या आत त्याला म्हणा, "किती आणि कधी घेतले ते दोन ओळीत लिहून सही करून दे, माझ्या घरच्यांना दाखवायला". घरच्यांनी खरंच विचारलं असेल तरच ते कारण सांगा, नाहीतर सरळ म्हणा, कागद असला की मला दरमहा विचारावं लागणार नाही. रक्कम मोठी आहे आणि दिवस थोडे आहेत, एकदा वकिलाला दाखवा. ५,००० च्या दोस्तीत हे असलं काही काढायचं नसतं, ४०,००० ला काढावं लागतं.

एकटा_पन्हाळकर

धन्यवाद काका. सही मागायची म्हणजे विश्वास नाही असं वाटंल त्याला. बघतो.

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, सांगायला आलोय. काकांनी सांगितल्यागत रविवारी वही घेऊन बसलो आणि आठवायला लागलो, तर परत येताना कुडाळच्या पुढं एका खानावळीत जेवलो होतो त्याचं बिल कुणी दिलं तेच आठवेना. ग्रुपमधल्या एकाला फोन केला, तो म्हणाला, "'स'नं दिलं की, रोख, १,८०० झालं होतं, तू गाडीत झोपलावतास". मी हातातला पेन खाली ठेवला. पाच आठवडे मी ज्याला टोमणे मारत होतो त्यानं पाच जणांचं जेवण घातलं होतं आणि मी त्याच्याकडं पूर्ण ५,००० मागत होतो.

म्हणजे एकूण खर्च २५,००० नव्हे, २६,८००. डोकी ५,३६०. त्यातनं त्याचे १,८०० गेले की त्याच्याकडनं येणं ३,५६०.

१० तारखेला संध्याकाळी मेसेज केला. काकांचाच साचा, पण वर एक ओळ घातलो, "परतीच्या जेवणाचं तू दिलंतास ते मी धरलंच नव्हतं, आज कळलं, चूक माझी, आणि ग्रुपवर टाकलं ते पण टाकायला नको होतं". मग हिशोब, मग ३,५६०, मग १५ तारीख.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. जसंच्या तसं देतोय, त्याला विचारून: "लका मला वाटलं तू मुद्दाम धरला नाहीस. ग्रुपवर वाचून डोकं फिरलं होतं म्हणून बोललोच नाही. आता १,५६० पाठवतो, २,००० उसाचं बिल आल्यावर, अजून आलं नाही, २५ पर्यंत येईल म्हणालेत." आणि १,५६० आले पण.

लग्नाचं दुसऱ्या दिवशी वेगळं विचारलं, सुजाताताईंनी सांगितल्यागत. म्हणाला येतोय, पण खिडकी पाहिजे.

पेठेतली_पोरगी

वाचून डोळ्यांत पाणी आलं खरंच. तुम्ही चूक आधी लिहिली ना, त्यानं झालं.

शिवाजी_पेठ_११

आनंद झाला. तरी सांगतो, पहिल्याच आठवड्यात रंकाळ्यावर भेटला असतास तर पाच आठवडे गेले नसते.

वसुलीतला_माणूस

तेही खरं असेल. आता २,००० चं, २५ च्या आधी काही बोलू नका, २५ गेली तरी दोन-तीन दिवस थांबा. त्यानं तारीख दिलीय ती "म्हणालेत" अशी दिलीय, त्याच्या हातात नाही ती. २८ ला विचारायचं झालं तर "बिल आलं का?" एवढंच विचारा, पैशाचं तो बोलेल.

उसाचा_फड

आमच्याकडं पण अजून आल्यालं न्हाई.

रंकाळ्याचा_वारा

एक शेवटचं राहिलंय काका. बाकीच्या तिघांकडनं आता ३६०-३६० यायचे. त्यांनी ५,००० दिले की मीच "संपलं" असं लिहिलो होतो. ग्रुपवर आज असं टाकलं, "माझ्याकडनं हिशोब चुकला होता, 'स'नं दिलेलं १,८०० चं जेवण धरलं नव्हतं. नवीन हिशोब खाली. प्रत्येकी ३६० वाढतात, माझे मी धरलेत. बघा बरोबर आहे का." एकानं लगेच दिले. एक म्हणाला लग्नाच्या गाडीत बघू. तिसरा म्हणतोय, "तू संपलं म्हणालास की, आता परत काय?"

त्याला काय म्हणू, का सोडून देऊ? माझं मन सोडायचं म्हणतंय, पण मग ज्यानं लगेच दिले त्याच्यावर अन्याय होतोय असं पण वाटतंय.

सुजाता_ताराबाई_पार्क

सोडा. आणि सोडलंय हे त्याला सांगा, मनात ठेवून सोडू नका.

शिवाजी_पेठ_११

सोडू नका. चूक कबूल केलीय, हिशोब मांडलाय, तोच पाठवा परत त्याला एकट्याला.

वसुलीतला_माणूस

एकदा एकट्याला विचारा, दुसऱ्यांदा विचारू नका. आणि ज्यानं दिलेत त्याला काही सांगायची गरज नाही, त्यानं तुमच्यासाठी दिले, तिसऱ्याकडं बघून नाही दिले.

रंकाळ्याचा_वारा

ठीक आहे. आज २० तारीख आहे, त्याचा पगार ३० ला होतो. १ ला विचारतो.